दारातली कडी : ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र असताना



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. प्रॅक्टिकलच्या एका सकाळी त्यांनी आमच्या गटाच्या हाती एक फ्लास्क दिला. दर वीस मिनिटांनी यातला थोडा द्रव काढा, कलरीमीटरवर त्याची गढूळता मोजा आणि सेमी-लॉग कागदावर टिंब टाकत चला, एवढेच सांगितले. का, ते संध्याकाळी सांगतो म्हणाले. आज मी त्या फ्लास्कबद्दलच बोलणार आहे, कारण त्यात जे घडते ते पुढे मी तीसेक वर्षे शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे अर्धवट शिकवले.

फ्लास्कमध्ये शंभर मिलिलिटर पाणी होते, त्यात जरुरीपुरते क्षार, ५० मिलिग्रॅम ग्लुकोज आणि १५० मिलिग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. प्रथिनांचा काढा नाही, पेप्टोन नाही. खायला फक्त या दोन साखरा. त्यात ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू सोडला होता आणि फ्लास्क ३७ अंशांवर हलत होता.

सकाळी नऊला गढूळतेचे माप होते ०.०३. दहाला ०.०६, अकराला ०.१२, बाराला ०.२४. तासाला दुप्पट. सेमी-लॉग कागदावर दुप्पट होत जाणारी वाढ सरळ तिरक्या रेषेत दिसते, आणि आमची टिंबे पट्टी लावल्यासारखी एका रेषेत पडत होती. दुपारी एकच्या सुमारास माप ०.५ च्या जवळ आले आणि रेषा आडवी झाली. एक वीसला तेवढेच, एक चाळीसलाही तेवढेच. आम्हाला वाटले जिवाणू मेले किंवा शेकर बंद पडला. दोनच्या आधी माप पुन्हा चढू लागले, या वेळी थोडे सावकाश, सव्वा तासाला दुप्पट अशा बेताने. संध्याकाळी चार-सव्वाचारला ते २ च्या आसपास पोहोचून थांबले. कागदावर जिन्याची एक पायरी तयार झाली होती.

आता हिशेब बघा. ग्लुकोज एकूण साखरेच्या एक चतुर्थांश होते आणि पायरी आली ती एकूण वाढीच्या एक चतुर्थांशावर. जिवाणूंनी दोन्ही साखरा मिसळून खाल्ल्या असत्या, तर पायरी आलीच नसती. त्यांनी आधी सगळे ग्लुकोज संपवले, मग थांबले, मग लॅक्टोजला हात घातला.

हा जिना पहिल्यांदा नीट मोजला तो पॅरिसमध्ये, सोरबोनच्या प्रयोगशाळेत, जाक मोनो या तरुण संशोधकाने. काळ १९४०-४१चा, शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात. मोनोने साखरांच्या जोड्या बदलल्या, आणि मग जोडी तीच ठेवून प्रमाण बदलले. ग्लुकोजबरोबर सॉर्बिटॉल घेऊन त्याने एकास तीन, एकास एक, तीनास एक अशी मिश्रणे केली. पायरीची उंची प्रत्येक वेळी ग्लुकोजच्या वाट्याप्रमाणे सरकली. या दुहेरी वाढीला त्याने ‘डायॉक्सी’ हे नाव दिले, आणि १९४२च्या त्याच्या प्रबंधात ती आली. त्या आडव्या रेषेचा अर्थ शोधता शोधता वीस वर्षांनी, १९६१ साली, मोनो आणि फ्रांस्वा जाकोब यांनी ऑपेरॉनची कल्पना मांडली. १९६५चे नोबेल या दोघांना आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी आंद्रे ल्वॉफ यांना मिळाले.

ऑपेरॉन म्हणजे काय ते आपल्या कामापुरते सांगतो. लॅक्टोज पचवण्यासाठी लागणारी जनुके डीएनएवर एकापाठोपाठ एक बसलेली आहेत आणि त्या सगळ्यांची एकच प्रत, एकच संदेशवाहक आरएनए, निघतो. आपल्याला त्यांतली दोन पुरेत. एका जनुकातून बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे एन्झाइम तयार होते. ते लॅक्टोज तोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते. दुसऱ्यातून पर्मिएज तयार होते. ते पेशीच्या आवरणात बसते आणि बाहेरचे लॅक्टोज आत घेते. पर्मिएज नसेल तर लॅक्टोज बाहेरच राहते. मी पर्मिएजला दार म्हणणार आहे, कारण माझे सगळे बोलणे शेवटी त्या दारापाशी जाणार आहे.

या जनुकांच्या सुरुवातीला रिप्रेसर नावाचे प्रथिन डीएनएला धरून बसते आणि प्रत काढू देत नाही. एका पेशीत त्याचे जेमतेम दहा रेणू असतात. त्याला उठवतो अ‍ॅलोलॅक्टोज, लॅक्टोजचाच थोडा वेगळ्या तऱ्हेने जोडलेला भाऊ. अ‍ॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटला की रिप्रेसरची पकड सुटते.

इथे क्षणभर थांबू या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. अ‍ॅलोलॅक्टोज तयार कोण करते? बीटा-गॅलॅक्टोसायडेजच. लॅक्टोज तोडताना ते काही रेणू तोडण्याऐवजी वेगळ्या जागी जोडते. आणि लॅक्टोज आत कोण आणते? पर्मिएज. म्हणजे ऑपेरॉन उघडायला जी दोन प्रथिने लागतात, ती ऑपेरॉन उघडल्यावरच मिळणार. घराला कुलूप आणि किल्ली घरात, असा हा प्रकार. पेशीची सुटका होते ती रिप्रेसरची पकड शंभर टक्के नसल्यामुळे. अधूनमधून तो क्षणभर सुटतो, एखादी प्रत निघते, आणि पेशीत एन्झाइमचे आणि दाराचे मोजके रेणू शिल्लक राहतात. त्या मोजक्या दारांतून थोडे लॅक्टोज येते, त्यातून थोडा अ‍ॅलोलॅक्टोज, त्याने आणखी रिप्रेसर सुटतो, आणखी दारे येतात. एकदा हे चक्र फिरायला लागले की थोड्याच वेळात पेशीत एन्झाइमचे हजारो रेणू जमतात. चक्र फिरू द्यायचे नसेल तर सुरुवातीची ती मोजकी दारे अडवली तरी भागते. हे लक्षात ठेवा.

आता प्रश्न असा. सकाळी नऊ ते दुपारी एक फ्लास्कमध्ये लॅक्टोज भरपूर होते. मग ऑपेरॉन बंद का राहिला?

मी विद्यार्थी असताना जे उत्तर लिहिले आणि नंतर शिक्षक म्हणून फळ्यावर काढले, ते असे. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा एक छोटा रेणू असतो. तो सीआरपी नावाच्या प्रथिनाला जाऊन मिळतो. ही जोडी लॅक ऑपेरॉनच्या अलीकडे डीएनएवर बसते आणि तिथे डीएनए वाकवते. त्यामुळे आरएनए पॉलिमरेज, म्हणजे प्रत काढणारे यंत्र, तिथे पक्के बसू शकते. लॅक ऑपेरॉनचा प्रमोटर मुळात दुबळा आहे, या आधाराशिवाय तिथे प्रती फार थोड्या निघतात. ग्लुकोज असले की सायक्लिक एएमपी कमी होते, सीआरपी बसत नाही, प्रती निघत नाहीत. म्हणून ग्लुकोज असताना लॅक ऑपेरॉन बंद. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळत आणि आजही मिळतात.

यातला प्रत्येक दुवा प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. १९६५मध्ये माक्मन आणि सदरलँड यांनी ई. कोलायमध्ये सायक्लिक एएमपी दाखवले आणि ग्लुकोज दिल्यावर ते घटते हेही दाखवले. १९६८मध्ये पॅरिसमध्ये उलमान आणि मोनो, तर अमेरिकेत पर्लमन आणि पास्टन यांनी बाहेरून सायक्लिक एएमपी घातले, आणि ग्लुकोजचा दाब सैल झाला. १९७०मध्ये सीआरपी हाती आले. जिवाणूत सीआरपी नसेल तर तो लॅक्टोजवर नीट वाढूच शकत नाही, हेही खरे. सगळे दुवे खरे आहेत. पण आपल्या फ्लास्कमध्ये सकाळी नऊ ते एक ऑपेरॉन बंद ठेवण्याचे काम मुख्यतः हे करतात का, हा प्रश्न वेगळा आहे.

त्याची तपासणी अगदी साध्या विचाराने करता येते. सायक्लिक एएमपी हेच कारण असेल, तर ग्लुकोजवर वाढताना ते कमी असले पाहिजे आणि दुपारनंतर लॅक्टोजवर वाढताना जास्त. जपानमध्ये नागोया विद्यापीठात हिरोजी आइबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये नेमके हे मोजले. ग्लुकोज आणि लॅक्टोज असलेल्या फ्लास्कमध्ये जिन्याच्या खालच्या टप्प्यात आणि वरच्या टप्प्यात सायक्लिक एएमपी जवळजवळ सारखेच निघाले. ते वाढले फक्त मधल्या आडव्या रेषेत, थोड्या वेळापुरते. ज्या गोष्टीचे प्रमाण दोन्ही टप्प्यांत सारखे आहे, ती त्या दोन टप्प्यांतला फरक घडवू शकत नाही.

पुढच्या वर्षी त्याच गटाने आणखी निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो मला फार आवडतो. जिवाणूचा एक जुना प्रकार आहे, ज्याच्या लॅक प्रमोटरमध्ये असे बदल झालेले आहेत की त्याला सायक्लिक एएमपीची आणि सीआरपीची गरजच उरत नाही. प्रमोटर स्वतःच बळकट झाला आहे. पाठ्यपुस्तकाचे उत्तर बरोबर असेल, तर या जिवाणूला ग्लुकोजची पर्वा नसावी, त्याने दोन्ही साखरा एकदम खाव्यात, पायरी नाहीशी व्हावी. प्रत्यक्षात पायरी तशीच राहिली. ग्लुकोज असेपर्यंत एन्झाइम तयार झाले नाही.

मग त्यांनी याच जिवाणूच्या मिश्रणात आयपीटीजी घातले. हे प्रयोगशाळेत सर्रास वापरतात. अ‍ॅलोलॅक्टोजसारखेच ते रिप्रेसरला उठवते, पण पेशी ते खाऊ शकत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे जास्त प्रमाणात दिले तर ते दाराशिवायही आत शिरते. आयपीटीजी घातल्याबरोबर ग्लुकोजचा परिणाम गेला. ग्लुकोज समोर असतानाही एन्झाइम बनू लागले. ग्लुकोजने प्रती काढणारे यंत्रच रोखले असते, तर आयपीटीजीने काही फरक पडला नसता. अडथळा दाराशी होता, म्हणूनच दार टाळून गेलेल्या आयपीटीजीने काम केले.

म्हणजे ग्लुकोज लॅक्टोजला आतच येऊ देत नाही. कसे, ते आता पायरीपायरीने पाहू.

ग्लुकोज पेशीत येते ते एका साखळीतून. पेशीत फॉस्फोएनॉलपायरुव्हेट नावाचा ऊर्जेने भरलेला रेणू असतो. त्याच्यापासून एक फॉस्फेट निघतो आणि विहिरीवर हातोहात घागर पुढे द्यावी तसा एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. साखळीतला शेवटून दुसरा हात म्हणजे ‘टू-ए’ नावाचे प्रथिन. टू-ए तो फॉस्फेट आवरणातल्या प्रथिनाला देते, आणि ते प्रथिन ग्लुकोज आत ओढता ओढताच तो फॉस्फेट ग्लुकोजवर बसवते. ग्लुकोज आत येते तेच फॉस्फेट अंगावर घेऊन.

आता टू-एच्या बाजूने विचार करा. बाहेर ग्लुकोज भरपूर आहे, तर फॉस्फेट हाती आला रे आला की पुढे जातो. म्हणजे बहुतेक टू-ए रेणूंचे हात कायम रिकामे. बाहेर ग्लुकोज नाही, तर फॉस्फेट पुढे न्यायला कोणी नाही, आणि टू-ए फॉस्फेट धरून उभे. पेशीला बाहेर ग्लुकोज आहे की नाही हे कळते ते असे. ग्लुकोजची वाहतूक चालू आहे की थांबली आहे, याची खूण टू-एच्या हातात असते.

रिकाम्या हाताचे टू-ए पर्मिएजला आतल्या बाजूने जाऊन चिकटते आणि त्याची हालचाल बंद करते. ही दाराला आतून घातलेली कडी. लॅक्टोज बाहेर कितीही असो, त्या मोजक्या दारांना कडी असल्यामुळे आत येत नाही. आत लॅक्टोज नाही म्हणून अ‍ॅलोलॅक्टोज नाही, म्हणून रिप्रेसर जागेवर, म्हणून नवीन दारे नाहीत. मघाशी सांगितलेले चक्र पहिल्याच फेरीत अडते. शास्त्रज्ञांच्या भाषेत याला ‘इंड्यूसर एक्स्क्लूजन’ म्हणतात. ऑपेरॉन उघडणाऱ्या रेणूलाच बाहेर ठेवणे, असा त्याचा अर्थ.

फॉस्फेट धरून उभे असलेले टू-ए आणखी एक काम करते. सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला ते चालना देते. म्हणजे दाराची कडी आणि सायक्लिक एएमपी या दोन्ही गोष्टी एकाच प्रथिनाच्या दोन अवस्थांना बांधलेल्या आहेत. दोन्ही गोष्टी एकदम बदलतात, आणि मला वाटते याचमुळे इतकी वर्षे एकीचे श्रेय दुसरीला जात राहिले.

कडीची कल्पना खरी असेल, तर कडी काढून टाकल्यावर पायरी जायला हवी. नागोयाच्या गटाने टू-एचे जनुक मोडले, तेव्हा ग्लुकोजचा परिणाम नाहीसा झाला. आणि याहून बोलका एक निकाल त्याच अभ्यासात आहे. पेशीत पर्मिएज भरमसाट तयार करवले, तरीही ग्लुकोजचा परिणाम गेला. टू-ए प्रथिनाचे रेणू मर्यादित आहेत. दारे कड्यांपेक्षा जास्त झाली, तर काही दारे उघडी राहणारच, आणि एवढे चक्र सुरू व्हायला पुरते. हे वाचले तेव्हा मी फळ्यावरची आकृती बदलली.

मग सायक्लिक एएमपी काहीच करत नाही का? तसे मुळीच नाही. आयपीटीजी देऊन दाराचा प्रश्न सोडवलेल्या पेशी घेतल्या आणि काही ग्लुकोजवर, काही ग्लिसरॉलवर वाढवल्या, तर ग्लिसरॉलवरच्या पेशी जास्त एन्झाइम बनवतात. हा फरक काही पटींचा असतो, आणि तो सायक्लिक एएमपीचा. पण बंद ऑपेरॉन आणि उघडा ऑपेरॉन यांच्यातला फरक सुमारे हजार पटींचा असतो. आवाज कमीजास्त करणे आणि रेडिओ बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या फ्लास्कमध्ये ग्लुकोज रेडिओ बंद करते ते दाराशी. प्रमोटरपाशी ते आवाज थोडा कमी करते.

आणखी एक गुंता नागोयाच्या त्याच लेखात आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. बळकट प्रमोटरच्या त्याच जिवाणूत सीआरपीच मोडले तर ग्लुकोजचा हा परिणाम दिसत नाही. हे वाचून कोणीही म्हणेल, बघा, सीआरपीच जबाबदार. पण खोलात गेल्यावर दिसले, की ग्लुकोज आत ओढणाऱ्या प्रथिनाचे जनुक चालायलाही सायक्लिक एएमपी आणि सीआरपी लागतात. ते नसले की ग्लुकोजची मुख्य वाट दुबळी होते, टू-एचे हात फारसे रिकामे होत नाहीत आणि कडी बसत नाही. म्हणजे सीआरपीचा हात इथेही आहे, पण तो लॅक ऑपेरॉनवर नव्हे, ग्लुकोजच्या दारावर.

आता दुपारच्या त्या आडव्या रेषेकडे येऊ. एकच्या सुमारास ग्लुकोज संपले. हे संपले की नाही ते कसे कळणार, असे आम्ही सरांना विचारले होते. बेनेडिक्टच्या द्रावणाने कळत नाही, कारण ते लॅक्टोजनेही रंग बदलते. सरांनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर मोजायला वापरतात ते ग्लुकोज ऑक्सिडेजचे किट आणले होते. ते लॅक्टोजकडे बघतही नाही. त्यात बाराच्या नमुन्याला गुलाबी रंग आला आणि एक वीसच्या नमुन्याला आलाच नाही.

ग्लुकोज संपताच साखळीतला फॉस्फेट पुढे जाईना. टू-ए फॉस्फेट धरून उभे राहिले, दारांवरच्या कड्या निघाल्या, सायक्लिक एएमपी वाढले. सगळे लॅक्टोजच्या बाजूने झाले. तरीही अर्धा-पाऊण तास वाढ का थांबली? आयपीटीजी घातल्यावर पहिले एन्झाइम दोन-तीन मिनिटांत दिसू लागते, मग इथे इतका उशीर का?

कारण दारे मोजकी आहेत, आणि ती सगळ्या पेशींना सारखी वाटलेली नाहीत. रिप्रेसर क्षणभर सुटतो तो योगायोगाने. एखाद्या पेशीत तो नुकताच सुटलेला असतो आणि तिच्याकडे चार-सहा दारे असतात. शेजारच्या पेशीत कित्येक तासांत सुटलेलाच नसतो, आणि तिच्याकडे एकही दार नसते. ग्लुकोज संपल्यावर पहिलीचे चक्र लगेच फिरते. दुसरी उपाशी बसते, आणि उपाशी पेशीला नवीन प्रथिन बनवण्याची ताकदही कमी. एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिल्यावर दिसले, की सगळ्या पेशी एकसाथ हळूहळू जाग्या होत नाहीत. काही लवकर वाढू लागतात, काही मागे राहतात. फ्लास्कमधली आडवी रेषा ही या सगळ्यांची बेरीज असते. कलरीमीटर एकेक पेशी दाखवत नाही, म्हणून आम्हाला वाटले की सगळेच थांबले आहेत.

सरांनी ते आम्हाला दुसऱ्या मार्गाने दाखवले. दर दहा मिनिटांचा नमुना घेऊन त्यात टोल्यूइनचा थेंब टाकायचा, म्हणजे पेशींच्या आवरणाला भोके पडतात. मग ओएनपीजी नावाचा रंगहीन पदार्थ घालायचा. बीटा-गॅलॅक्टोसायडेज असेल तर ते त्याला तोडते आणि पिवळा रंग सुटतो. ठरल्या वेळी सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवायची. संध्याकाळी लाकडी स्टँडमध्ये नळ्यांची ओळ उभी होती. नऊपासून एकपर्यंतच्या नळ्या पाण्यासारख्या. एक दहाच्या नळीत काही नाही. एक वीसच्या नळीमागे पांढरा कागद धरला तर जरासा पिवळसरपणा. एक तीसची लिंबाच्या सालीसारखी. एक पन्नासची गडद हळदीची. गढूळता अजून हललेली नव्हती तेव्हाच एन्झाइम वाढू लागले होते. कलरीमीटरला जी विश्रांती वाटत होती, त्या वेळात ही तयारी चालली होती.

आता एक शंका, जी वर्गात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी काढायचा, आणि ती अगदी योग्य आहे. लॅक्टोज तुटले की त्यातून ग्लुकोजच निघते. मग ते ग्लुकोज पुन्हा ऑपेरॉन बंद का करत नाही? उत्तर साखळीत आहे. टू-एचे हात रिकामे होतात ते बाहेरचे ग्लुकोज आत ओढताना. लॅक्टोज तुटून पेशीच्या आतच मोकळे झालेले ग्लुकोज त्या दाराने आलेलेच नसते. त्याला फॉस्फेट देणारे वेगळे एन्झाइम आहे, ग्लुकोकायनेज, आणि ते एटीपीपासून फॉस्फेट घेते. अर्थात हा हिशेब अगदी चोख नाही. आतले थोडे ग्लुकोज बाहेर झिरपते आणि पुन्हा नेहमीच्या वाटेने आत येते. शिवाय पेशीत साखर झपाट्याने तुटत असली, की साखळीला मिळणारा फॉस्फेटही घटतो. म्हणून लॅक्टोजवर वाढताना टू-एचे हात पूर्ण भरलेले नसतात, आणि दोन्ही टप्प्यांत सायक्लिक एएमपी सारखे निघाले ते यामुळेही. मात्र तोवर पेशीत दारे कड्यांच्या कितीतरी पट झालेली असतात. त्यांतल्या काहींना कडी बसली तरी लॅक्टोज येतच राहते.

शेवटी आमच्याच हातून झालेल्या एका चुकीबद्दल सांगतो. पुढच्या आठवड्यात आम्ही हाच प्रयोग सरांशिवाय केला. साखरा त्याच, प्रमाण तेच, शेकर तोच. पायरी आलीच नाही. ०.५ पाशी रेषा जराशी मंदावल्यासारखी झाली आणि सरळ वर गेली. आम्ही साखरेच्या बाटल्यांवर संशय घेतला, ताजी द्रावणे केली, पुन्हा तेच. सरांनी एकच विचारले, रात्रभर वाढवलेले बीज कशावर वाढवले? आदल्या संध्याकाळी ग्लुकोजची बाटली संपली होती, म्हणून आम्ही बीज लॅक्टोजवर वाढवले होते.

ते जिवाणू फ्लास्कमध्ये पडले तेव्हाच त्यांच्याजवळ हजारो एन्झाइमचे रेणू आणि तशीच भरपूर दारे होती. ग्लुकोज समोर आल्यावर नवीन बनणे मंदावते, पण ही प्रथिने टिकाऊ असतात, तुटत नाहीत. ती फक्त वाटली जातात. पेशी दोन झाली की प्रत्येकीला निम्मी. ०.०३ पासून ०.५ पर्यंत जायला चार दुपटी लागतात, म्हणजे एकचा सुमार झाला तेव्हा प्रत्येक पेशीजवळ मूळच्या साठ्याचा सोळावा हिस्सा होता. हजारांचा सोळावा हिस्सा म्हणजे तरीही शेकडो रेणू. ज्या पेशीजवळ शेकडो दारे आहेत तिला वाट पाहावी लागत नाही. आजीच्या आजीने खाल्लेल्या लॅक्टोजची शिदोरी नातीच्या नातीला पुरली होती.

ती आठवण पुसायला सुमारे दहा दुपटी लागतात. दहा दुपटींनी साठा हजारावा होतो, आणि तेव्हा कुठे बहुतेक पेशी दाराविना उरतात. सरांनी आम्हाला बीज ग्लुकोजवर वाढवायला लावले. रात्रीतून ग्लुकोज संपू नये म्हणून अगदी थोड्या जिवाणूंपासून सुरुवात करायला सांगितली. सकाळी ते धुऊन नव्या फ्लास्कमध्ये सोडले. त्या दिवशी एक वाजायला पाच मिनिटे असताना माप ०.४९ होते, एक वीसला ०.५०, एक चाळीसला ०.५१.